टोमॅटो-वांग्यावरची शिंगवाली अळी: आधी लेंड्या, मग पाठ, मग निर्णय

मुंबईत गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये टोमॅटो-वांगी लावणाऱ्यांकडून एक चूक वारंवार होते. एका सकाळी झाडाचा शेंडा बोडका दिसतो. शोधाशोध केल्यावर बोटाएवढी हिरवी अळी सापडते, तिच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे दाणे उभे असतात. "अरे बापरे, हिने अंडी घातली, आता शंभर अळ्या होणार!" असं म्हणून अळी दाण्यांसकट चिरडली जाते किंवा साबणाच्या पाण्यात जाते. हे दाणे अळीची अंडी नसतात. अळी अंडी घालतच नाही, ते काम तिच्या पतंगाचं. ते दाणे म्हणजे त्या अळीला आतून खाऊन बाहेर आलेल्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीचे कोष असतात. अशी अळी यापुढे तुमचं पान खाणार नसते, आणि तिच्या पाठीवर पुढच्या अळ्यांचे शत्रू तयार होत असतात.

उलटी चूकही होते. कुठेतरी "पांढरं दिसलं तर सोडा" एवढंच वाचलेलं असतं, आणि अंगावरच्या फिकट पट्ट्यांना कोष समजून धडधाकट अळी तशीच ठेवली जाते. चार दिवसांत झाडाच्या काड्या उरतात. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे: लेंड्यांवरून अळी शोधायची, हात लावण्याआधी तिची पाठ नीट पाहायची, आणि मग ठरवायचं.

## आधी ही तयारी

फारसं काही लागत नाही. दोन-तीन जुनी वर्तमानपत्रं किंवा पांढरे कागद, ते उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे किंवा खडे, एक टॉर्च, एक साधं भिंग (मोबाईलचा कॅमेरा मोठा करूनही काम भागतं), छोटी कात्री आणि थोडी सुतळी. एका बादलीत लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून ठेवा, पण ती लगेच वापरायची नाही.

फवारणीची बाटली मात्र या क्षणी बाजूला ठेवा. कडुलिंबाचं तेल असो किंवा दुकानातलं औषध, शोध संपल्याशिवाय काही मारायचं नाही. आधी फवारलं तर अळी कुठे आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे हे कळायच्या आत जिला वाचवायचं तीच मरते.

कुठल्या अळीबद्दल बोलतोय: इंटरनेटवर पांढऱ्या कोषांची अळी शोधली की बहुतेक फोटो अमेरिकेतले येतात. तिथे टोमॅटोवर मँडुका जातीच्या दोन अळ्या पडतात आणि त्यांच्या पाठीवर कोटेशिया काँग्रेगाटा नावाच्या माशीचे कोष दिसतात. त्या अळ्या आपल्याकडे नाहीत. मुंबईत वांग्या-टोमॅटोवर सापडणारी शिंगवाली अळी सहसा अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स या हॉक मॉथची असते. याच पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते आणि तो मध चोरायला पोळ्यात शिरतो. तिळाच्या शेतात शेतकऱ्यांना ही अळी चांगली ठाऊक असते, आणि धोतऱ्यावरही ती पोसते. अमेरिकेतल्या त्या माशीचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत आणि हॉक मॉथच्या अळ्यांवर तेच काम करतात. फक्त आपल्याकडे कोष दरवेळी पाठीवर उभे दिसतीलच असं नाही. कधी ते अळीच्या पोटाखाली किंवा शेजारच्या पानावर कापसाच्या पुंजक्यासारखे असतात. म्हणून फोटोशी हुबेहूब जुळणी शोधत बसू नका.

## टप्पा १: लेंड्या ओळखा

अळी हिरवी, पान हिरवं, देठही हिरवा. दहा सेंटिमीटर लांबीची अळी डोळ्यांसमोर असून दिसत नाही ती यामुळेच. लेंड्या मात्र लपत नाहीत, म्हणून सुरुवात खाली पाहून करायची, वर पाहून नाही.

ताजी लेंडी हिरवट-काळी आणि किंचित ओलसर असते, वाळल्यावर काळी-तपकिरी आणि कडक होते. ती एका हातावर घ्या आणि भिंगातून पाहा. दोन्ही टोकं बोथट, जणू पिंप कापून ठेवलंय. अंगावर उभ्या खाचा असतात, आणि टोकाकडून पाहिलं तर कडा सहा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. अळीच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला घड्या असतात, त्यांचा तो साचा. पालीच्या किंवा उंदराच्या विष्ठेला हा आकार नसतो.

मुंबईच्या घरात इथेच गोंधळ होतो, कारण ग्रिलमध्ये पालही येते आणि उंदीरही. पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. उंदराची लेंडी दोन्हीकडे निमुळती आणि गुळगुळीत असते, तिला खाचा नसतात. खाचा दिसल्या तर वर अळी आहे, दिसल्या नाहीत तर उंदराचा बंदोबस्त करा, झाडाला दोष देऊ नका.

लेंडीच्या आकारावरून अळी केवढी आहे ते कळतं, आणि यासाठी स्वयंपाकघरातली मापं पुरतात. खसखशीएवढी असेल तर अळी नुकती बाहेर आलेली, मोहरीएवढी असेल तर लहान, धण्याएवढी असेल तर मध्यम. मिऱ्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल तर अळी शेवटच्या अवस्थेत आहे आणि घाई करायला हवी. ही अळी आयुष्यात जेवढं खाते त्यातलं बहुतेक या शेवटच्या दिवसांतच खाते. काल झाड ठीक होतं आणि आज बोडकं झालं, असं वाटतं ते त्यामुळे.

तपासा: एकाच कुंडीखाली मोहरीएवढ्या आणि मिऱ्याएवढ्या अशा दोन्ही ताज्या लेंड्या असतील, तर किमान दोन अळ्या आहेत. एक सापडली म्हणून थांबू नका.

## टप्पा २: कागद पसरून जागा नक्की करा

जमिनीवर पडलेल्या जुन्या लेंड्यांवरून फक्त अळी होती एवढं कळतं. आत्ता ती कुठे आहे हे कळायला हा क्रम धरा.

१. कुंडीची माती, काठ आणि खालची फरशी झाडून स्वच्छ करा. पानांवर अडकलेल्या लेंड्याही हलक्या हाताने झटका. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग जुनी लेंडी नवी समजून भलत्याच फांदीत अर्धा तास घालवतात.

२. झाडाच्या पूर्ण घेराखाली कागद पसरा आणि चिमट्यांनी किंवा खड्यांनी पक्का करा. कागद खोडापाशी चिरून आत सरकवला तर मातीवर पडणारेही सापडतात.

३. दोन तास सोडून द्या. मोठी अळी खात असेल तर एवढ्या वेळात कागदावर काहीतरी पडतंच.

४. कागदावर ताज्या लेंड्यांचा ढीग जिथे आहे, तिथून सरळ वर बघत जा. वारा असेल तर जागा थोडी सरकते, म्हणून दोन्ही बाजूंची एकेक फांदी जास्तीची धरा.

५. झाडाच्या मधल्या पानांवर, देठाच्या खोबणीत, वांग्याच्या टोपीवर अडकलेल्या लेंड्या बघा. सगळ्यात वरची लेंडी ज्या पानावर असेल, अळी त्या पानाच्या वर असते. या एका नियमाने निम्मं झाड तपासायचं वाचतं.

पावसाळ्यात कागद चालत नाही, लेंड्या विरघळून हिरवट चिखल होतो. तेव्हा पाचवी पायरीच कामाची, किंवा कुंडी दोन तास छपराखाली आणून कागद पसरा.

जपून: ग्रिलमधल्या कुंडीची लेंडी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. शोध लांबणार असेल तर ग्रिलच्या तळाला एक ट्रे किंवा जुनी चादर अंथरून ठेवा. शेजारच्या काकूंची तक्रार आली की घाईघाईत औषध फवारलं जातं, आणि नुकसान तिथेच होतं.

## टप्पा ३: अळी शोधा, पण तोडू नका

आता नजर फांदीवर. खाल्लेल्या पानाची कड नाही, तर जिथे अख्खं पान गायब आहे आणि नुसता देठ उभा आहे अशी जागा शोधा. अळी बहुधा त्याच देठाच्या आसपास किंवा एक फांदी खाली, पानाच्या उलट बाजूला, मधल्या शिरेला समांतर चिकटलेली असते. संध्याकाळनंतर टॉर्च तिरका धरून मारला की तिची सावली पानापेक्षा जाड दिसते आणि पटकन सापडते.

ओळख पटवायला तीन गोष्टी पुरेत. शेपटीकडे एक शिंग, खडबडीत, दाणेदार आणि टोकाशी वळलेलं. दोन्ही कुशींवर तिरक्या पट्ट्या. आणि अंगावर केस नाहीत. रंगावर जाऊ नका, हीच अळी हिरवी, पिवळी किंवा तपकिरीही असते. शिंग डंख मारत नाही. हात लावल्यावर ती डोकं वर करते, कधी जबड्याचा टकटक आवाज करते, पण तिच्यापासून काही अपाय नाही. केसाळ अळी असेल तर मात्र हात लावू नका, ती वेगळी आणि खाज आणणारी.

शेंडा सुकून खाली मान टाकतोय पण पानं शाबूत आहेत, किंवा फळाला भोक आहे, तर ते शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या छोट्या अळीचं काम आहे. तिला शिंग नसतं, आणि हा सगळा लेख तिला लागू पडत नाही.

जपून: सापडल्याबरोबर ओढून काढायची सवय मोडा. ती मागच्या पायांनी देठ इतका घट्ट धरते की ओढताना एक तर फांदी सोलते, नाही तर अळी फाटते. आणि पाठीवर कोष असतील तर ते बोटांखाली चिरडतात. आधी फक्त पाहायचं.

## टप्पा ४: पाठ वाचा

या टप्प्याला पाच मिनिटं द्या, पुढचं सगळं यावर ठरतं. भिंग घ्या आणि अळीच्या पाठीवर, कुशींवर, पोटाखाली आणि ती बसलेल्या पानावर अशा चारही ठिकाणी पहा.

कोष असतील तर ते तीन-चार मिलिमीटर लांब, पांढरे किंवा फिकट पिवळसर, शिजवलेल्या तांदळाच्या बारीक कणीसारखे दिसतात. पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, रेशमाचे धागे गुंडाळलेले जाणवतात. बहुतेक वेळा ते एका टोकावर उभे असतात. संख्या पाच-दहापासून कितीही असू शकते, अमेरिकेतल्या मँडुकावर तर शंभराहून जास्तही निघतात. अळी स्वतः मलूल दिसते, जागची हलत नाही, अंग थोडं आक्रसलेलं असतं.

हे कोष आले कुठून, ते समजलं की चूक होत नाही. दोन-तीन मिलिमीटरची मादी माशी लहान अळीच्या अंगात सुईसारख्या अवयवाने अंडी घालते. अंड्यांबरोबर एक विषाणूही आत जातो, तो अळीची प्रतिकारशक्ती मोडतो. माशीची पिल्लं अळीच्या अंगातल्या रसावर दोन आठवड्यांच्या आसपास वाढतात. मग एकाच वेळी कातडी फोडून बाहेर येतात आणि जागच्या जागी रेशमी कोष विणतात. बाहेर पडण्याआधीच अळीचं खाणं थांबलेलं असतं आणि ते पुन्हा सुरू होत नाही. ती आणखी काही दिवस जिवंत राहते, म्हणून लोकांना वाटतं ती अजून खातेय.

कोष नसून वेगळंच काही असेल तर खुणा अशा.

कुशीवरच्या पट्ट्या कातडीतच असतात, वर आलेल्या नसतात. मऊ ब्रशच्या टोकाने हलकेच स्पर्श करा, काही लागलं नाही तर ती रंगाची पट्टी आहे. अंगावरचे बारीक दाणेदार ठिपकेही तिचेच.

मिलिमीटरभर, चपटे, कातडीला सपाट चिकटलेले पांढरे ठिपके, दोन-चारच आणि सहसा डोक्याच्या बाजूला: ही परोपजीवी घरमाशीसारख्या टॅकिनिड माशीची अंडी. हीसुद्धा शेवटी अळीला मारतात, पण तोवर अळी खात राहते. ती कुंडीत असू द्यायची की नाही हे झाडावर किती पानं उरली आहेत यावर ठरवा.

पूर्ण अंगावर पिठासारखी बुरशी, आणि अळी ताठ, कडक झालेली: मेलेली आहे. तिला तशीच राहू दिलं तरी चालतं.

पांढरा कापूस देठाच्या बगलेत आहे, अळीवर नाही: हा पिठ्या ढेकूण, त्याचा इथे संबंध नाही.

तपासा: खात्री होत नसेल तर कागदाची परीक्षा पुन्हा करा. फक्त त्या अळीखाली स्वच्छ कागद ठेवून रात्रभर सोडा. कोष असलेल्या अळीखालचा कागद सकाळी कोरा असतो. मिऱ्याएवढ्या ताज्या लेंड्या पडल्या असतील, तर एक तर ते कोष नाहीत किंवा शेजारच्या फांदीवर दुसरी अळी बसली आहे.

## टप्पा ५: कोष असतील तर सोडून द्या, पण नुसतं सोडून भागत नाही

जागेवर राहू देणं सगळ्यात उत्तम. कोष विणल्यापासून साधारण आठवड्याभरात त्यातून माश्या निघतात. त्या डासाहूनही लहान, काळसर, माणसाला चावत नाहीत. त्या उडून जातात आणि दुसऱ्या अळ्या शोधतात. एका मेलेल्या अळीतून तुम्हाला कित्येक शिकारी मिळतात, आणि बदल्यात एकही पान जात नाही. अळी चिरडली तर त्या सगळ्या माश्या जातात, आणि जी पानं वाचवायची म्हणून चिरडली ती आधीच वाचलेली असतात.

या आठवड्यात बिघडतं ते या कारणांनी.

*मुंग्या.* मलूल अळी हे मुंग्यांना आयतं जेवण, आणि त्या कोषही फोडतात. मुंबईत ही सगळ्यात मोठी अडचण. कुंडी भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या झाडाला टेकू देऊ नका. खोडाच्या किंवा आधाराच्या काठीच्या खालच्या भागावर कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिन लावा. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवायचा उपाय सुचतो, पण साठलेल्या पाण्यात डास होतात आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं नेमकं तेच शोधत येतात. व्हॅसलिनच बरं.

*धूर फवारणी.* सोसायटीत डासांसाठी धूर मारतात त्या दिवशी कुंडी घरात घ्या, खिडकी लावा आणि दोन तासांनी बाहेर ठेवा. कुंडी जड असेल तर फांदी कापून आत घ्या, ती कशी ते खाली आहे. हीच गोष्ट स्वतःच्या फवारणीची. कोष झाडावर असेपर्यंत त्या झाडावर आणि शेजारच्या कुंड्यांवर कुठलंही औषध नाही. कडुलिंबाचं तेलही नाही.

*बंद डबा.* मुलांना दाखवायला म्हणून अळी डब्यात घालून झाकण लावलं जातं. दमट डब्यात बुरशी येते, आणि निघालेल्या माश्या आतच मरतात. मच्छरदाणीची जाळीही लावू नका, बऱ्याच जाळ्यांतून त्यांना बाहेर पडता येत नाही.

अळी हलवणं भागच असेल, म्हणजे फांदी येण्या-जाण्याच्या वाटेत आहे किंवा कुंडी घरात घेता येत नाही, तर अळीला धरू नका. ती बसलेल्या जागेच्या पुढे-मागे एकेक वीत सोडून फांदी कात्रीने कापा. ती तशीच दुसऱ्या पालेभरल्या कुंडीत, सावलीत, सुतळीने आडवी बांधा. थेट उन्हात किंवा थेट पावसात नको. फांदी वाळली तरी हरकत नाही, अळीला आता पान नको आहे.

तपासा: पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज भिंगातून कोषाचं वरचं टोक पहा. माशी निघून गेली असेल तर टोकाला गोल, नीट कापलेलं झाकण उघडलेलं दिसतं, जणू डबीचं बूच. हे हवं ते दृश्य. त्याऐवजी कोषाच्या कुशीला वेडंवाकडं भोक असेल, तर या माशीवरही जगणारी दुसरी परोपजीवी माशी तिथून बाहेर पडली आहे. थोडे कोष असे निघाले तरी बाकीचे कामाचे असतात. बारा दिवसांनीही एकही उघडला नसेल तर कोष मेलेले आहेत, तेव्हा फांदी काढून टाका.

## टप्पा ६: कोष नसतील तर

कोष नाहीत, कागदावर ताज्या लेंड्या पडताहेत, पानं जाताहेत. मग ही अळी काढायची, आणि हाताने काढणं सगळ्यात पक्कं. एक-दोन कुंड्यांसाठी औषध लागतच नाही. ती बसलेला देठच कापा, किंवा मागून काडीने हलकेच टोचत पुढे सरकवा, म्हणजे पकड सुटते. साबणाच्या पाण्यात टाका, किंवा गच्चीच्या कठड्यावर ठेवा, कावळा नाही तर साळुंकी घेऊन जाते.

इथे एक मर्यादा आहे ती सरळ मान्य करायला हवी. आत माशीची पिल्लं वाढत असलेली पण अजून कोष न आलेली अळी बाहेरून ओळखता येत नाही. अशीही एखादी तुमच्या हातून जाईल. झाड मोठं आणि भरलेलं असेल, अळी एकच आणि मध्यम असेल, तर तिला धोतऱ्याच्या किंवा जुन्या, फळ संपलेल्या वांग्याच्या झाडावर ठेवून वाट पाहता येते. पण सहा पानांच्या रोपावर हा प्रयोग करू नका. तिथे रोप वाचवा.

अळ्या लहान आणि बऱ्याच असतील तर बीटी पावडर, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर, पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारा. उन्हात तिचा जोर लवकर उतरतो. बोटाएवढ्या अळीवर ती फारशी चालत नाही. आणि माशीची पिल्लं आत असलेली अळी बीटीने लवकर मेली तर पिल्लंही मरतात. म्हणून कोष असलेली एक जरी अळी गच्चीवर दिसली असेल तर त्या आठवड्यात बीटीही थांबवा आणि हातानेच काढा.

## एक उदाहरण पूर्ण करून

समजा मुलुंडच्या एका गच्चीवर दोन टोमॅटो आणि दोन वांगी आहेत, ऑक्टोबरचा महिना. एका वांग्याचा शेंडा गेला आहे.

पहिल्या दिवशी सकाळी फरशी झाडून चारही कुंड्यांखाली कागद पसरले. दोन तासांनी त्या वांग्याखाली मोहरीएवढ्या सात-आठ ताज्या लेंड्या दिसल्या. मिऱ्याहून मोठ्या लेंड्या मात्र फक्त झाडताना, वाळलेल्या सापडल्या होत्या, कागदावर एकही नाही. यातून दोन गोष्टी कळतात. एक लहान अळी आत्ता खात आहे. एक मोठी अळी इथे खात होती आणि थांबली आहे: ती मातीत गेली, पक्ष्याने नेली, किंवा तिच्यावर कोष आले.

लहान अळी वरून तिसऱ्या पानाखाली सापडली, पाठ स्वच्छ, म्हणून ती काढली. मग मोठीचा शोध सोडून न देता झाडाची आतली बाजू पाहिली, तर खोडाजवळच्या देठावर सात सेंटिमीटरची अळी निश्चल बसलेली. पाठीवर आणि कुशीवर तीसेक दाणे उभे. तिला हात लावला नाही, आधाराच्या काठीला आणि खोडाला व्हॅसलिनची पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी वांग्याखालचा कागद कोरा. निर्णय बरोबर होता याची खात्री झाली. पण त्याच दिवशी एका टोमॅटोखाली धण्याएवढ्या लेंड्या पडल्या. ही वेगळी अळी, तिचा शोध वेगळा, तिची पाठ वेगळी पाहायची. वांग्यावर कोष होते म्हणून टोमॅटोवरची अळी आपोआप मरेल असं गृहीत धरायचं नाही. तिची पाठ स्वच्छ निघाली, तीही हाताने काढली.

सहाव्या दिवशी काही कोषांची झाकणं उघडी, आठव्या दिवशी बहुतेक. अळी आक्रसून काळपट झाली आणि स्वतःच गळून पडली. ती कुंडीतच राहू दिली.

## त्यानंतर

निघालेल्या माश्यांचं तोंड आखूड असतं, त्यांना जास्वंद-गुलाबाचा उपयोग नाही. कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप यांची एक कुंडी तोडायची नाही, फुलायला सोडायची. त्या बारीक फुलांतला मध त्यांना घेता येतो आणि त्या तुमच्या गच्चीभोवती जास्त दिवस टिकतात. हे शिकारी अळ्यांचे आहेत, पांढऱ्या माशीला किंवा पिठ्या ढेकणाला त्या काही करणार नाहीत.

हंगाम संपल्यावर कुंडीची माती उपसताना हात घाला. पूर्ण वाढलेली अळी झाड सोडून मातीत शिरते आणि तिथे बोटाच्या दोन पेरांएवढा, चकचकीत तपकिरी कोष करते. हा कोष एकच, कडक, आणि हातात घेतल्यावर शेपटीकडून वळवळतो. तो पतंगाचा आहे, माशीचा नाही, आणि त्याला सोडून द्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या फोटोंमध्ये अशा कोषाला कपाच्या कानासारखा एक दांडा दिसतो. आपल्याकडच्या अ‍ॅकेरॉन्शियाच्या कोषाला तो नसतो, म्हणून दांडा नाही तर हा वेगळाच काही आहे असं समजून पुन्हा मातीत पुरू नका.